‘ऐकलं का?’ या हाकेत कोण दडलंय?

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग राजापूर तालुका मागे टाकून खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरतो. १ मे १९८१ पर्यंत ही जिल्ह्याची हद्द नव्हतीच. अलीकडे-पलीकडे सगळा रत्नागिरीच होता. बोली मात्र तारीख बघून बदलत नाही. खारेपाटणहून दक्षिणेला कणकवली-मालवणकडे उतरत जावं तसतसं ‘कुठे’च्या जागी ‘खंय’ कानावर येतं, ‘आलास’च्या जागी ‘इलंस’ येतं. आणि ‘काय करतोस?’ किंवा ‘काय करतेस?’ या दोन्हींच्या जागी एकच प्रश्न येतो : ‘काय करतंस?’

हा शेवटचा बदल ऐकायला छोटा आहे, पण नवरा-बायकोच्या हाकांचं सगळं कोडं त्यातून उलगडायला लागतं. पुण्या-मुंबईच्या मराठीत समोरच्याला ‘तू’ म्हणायचं, तर तो पुरुष की बाई हे बहुधा क्रियापदातच सांगावं लागतं. करतोस, करतेस. आलास, आलीस. दमलास, दमलीस. मालवणीत ‘करतंस’ आणि ‘इलंस’ दोघांनाही चालतं. मग कोणाला विचारलं हे कळायचं कसं? त्यासाठी शेवटी एक अक्षर जोडलं जातं. ‘काय करतंस रे?’ ‘काय करतंस गो?’ माजघरातून एवढंच ऐकू आलं, तरी अंगणात कोण उभं आहे ते कळतं. क्रियापदाने खाली ठेवलेलं काम इथे ‘रे’ आणि ‘गो’ उचलतात.

प्रमाण मराठीत ‘रे’ आणि ‘गं’ तेच काम दुसऱ्यांदा करतात. ‘आलीस गं?’ मध्ये ‘आलीस’ने एकदा सांगितलेलं ‘गं’ पुन्हा सांगतो. जे एकदा सांगून झालंय ते पुन्हा सांगायची गरज काय? गरज माहितीची नसतेच. ‘आलीस?’ हा प्रश्न आहे, ‘आलीस गं?’ ही जवळीक आहे. त्या एका अक्षराने बोलणारा माणूस समोरच्याला जवळ ओढतो, आणि ओढताना ‘तू बाई आहेस’, ‘तू पुरुष आहेस’ हेही उच्चारून घेतो.

आता बायको नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हणते असं धरू. ‘तुम्ही काय करता?’ ‘तुम्ही कधी आलात?’ इथे पुरुष-बाई हा भेद गेला. हाच प्रश्न सासूला विचारता येतो, गुरुजींना विचारता येतो, शेजारच्या काकूंना विचारता येतो. एक अक्षरही बदलावं लागत नाही. हाकेचंही तसंच. जवळिकीत ‘अरे’ पुरुषाला, ‘अगं’ बाईला. आदरात मात्र दोघांना मिळून एकच ‘अहो’. वाक्याच्या शेवटी येणारी रूपंही तशीच : रे, गं, आणि दोघांसाठी एकच ‘हो’. ‘सांग ना रे’, ‘सांग ना गं’, ‘सांगा ना हो’.

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो. समोरासमोर बोलताना मराठीतली जवळीक समोरच्याचं बाईपण किंवा पुरुषपण उघड करते, आणि आदर त्यावर पडदा टाकतो. या नियमाला मर्यादा आहेत. विशेषण आलं की भेद परत डोकावतो : ‘तुम्ही मोठे आहात’, ‘तुम्ही मोठ्या आहात’. जुन्या लेखनात बाईला उद्देशून ‘आल्यात’ असं रूपही भेटतं. पाठीमागे बोलताना तर भेद पुरता जागा होतो : ‘ते आले’, ‘त्या आल्या’. पण डोळ्याला डोळा देऊन रोजचं बोलताना, ‘अहो, आलात का?’ या वाक्यात समोर कोण आहे ते भाषा सांगत नाही.

म्हणजे पारंपरिक घरात काय घडतं ते बघा. नवरा म्हणतो ‘अगं, आलीस का?’, त्यात बायकोचं बाईपण दोनदा उच्चारलं जातं. बायको म्हणते ‘अहो, आलात का?’, त्यात नवऱ्याचं पुरुषपण एकदाही येत नाही. नावही येत नाही. जो माणूस तिला सगळ्यांत जवळचा, त्याला हाक मारताना तिच्या हाती असलेला शब्द एसटी स्टँडवरच्या अनोळखी माणसालाही चालेल असा आहे. ‘अहो, ही गाडी कणकवलीला जाते का?’ यातला ‘अहो’ आणि तिच्या घरातला ‘अहो’ लिहून दाखवले तर एकच.

मग घरातला ‘अहो’ वेगळा ओळखायचा कसा? त्याची एक साधी खूण आहे. परक्याला हाक मारताना ‘अहो’पुढे बहुधा काहीतरी जोडलं जातं : अहो काका, अहो भाऊ, अहो मास्तर, अहो ताई. नवऱ्यासाठीचा ‘अहो’ एकटा असतो. त्याच्यापुढे नातं नाही, नाव नाही, हुद्दा नाही. जिथे नाव यायला हवं तिथे ती जागा रिकामी सोडलेली असते, आणि ती रिकामी जागाच घरातल्या सगळ्यांना सांगते की हाक कोणाला आहे. सासरा, दीर, नवरा असे तिघे पडवीत बसलेले असले तरी नुसत्या ‘अहो’ला मान वर करतो तो एकच. सर्वांसाठी असलेला शब्द पुढचं नाव गाळून एकाच माणसाचा करून टाकला, ही मराठी बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलेली कमाल आहे.

नाव गाळण्यामागे भीती होती. नवऱ्याचं नाव उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असा समज घरोघरी होता. म्हणून नाव घ्यायची वेळ आलीच तर ते उखाण्याच्या यमकात गुंडाळून, चार बायकांच्या साक्षीने, सणासमारंभाला घ्यायचं. पाठीमागे बोलताना ‘हे’, ‘आमचे हे’, ‘इकडून’, ‘तिकडून’, नाहीतर ‘बाळूचे बाबा’. मालवणीत ‘बाळूचो बापूस’. नवऱ्यालाही बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचा संकोच असेच. त्याची सुटका ‘बाळूची आवस’ म्हणून होई. तरी दोघांत फरक होता. त्याला ‘अगो’ किंवा ‘अगं’ ही जवळची हाक मोकळी होती, तिला ‘अरे’ बंद होती.

ही कोंडी लेखनात किती अवघड होत असेल! रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केलं. न्यायमूर्ती रानड्यांवरचं पुस्तक, आणि लिहिणारीला त्यांचं नाव घेण्याची चोरी. पुढे १९३८ साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, तेव्हा भाषांतर करणाऱ्या बाईंनी या न घेतलेल्या नावालाच शीर्षक केलं : ‘हिमसेल्फ’. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त सरळ आडनाव धरलं आणि नवऱ्याला सगळीकडे ‘टिळक’ म्हटलं. आणि रत्नागिरीच्या सुनीताबाई देशपांडे १९९० साली ‘आहे मनोहर तरी’मध्ये पु. लं.ना ‘भाई’ म्हणतात, घरात आणि मित्रांत रुळलेल्या नावाने. ऐंशी वर्षांत तीन बायका, तीन नवरे, आणि नावाकडे सरकत जाणारी तीन पावलं.

पण नाव घ्यायचं नाही, ‘अरे’ म्हणायचं नाही, आणि कोणासमोर ‘अहो’ म्हणायचीही लाज वाटते, अशा नव्या नवरीने काय करावं? इथे मराठीने एक चोरवाट काढून ठेवली आहे, आणि ती मला या विषयातली सगळ्यांत देखणी गोष्ट वाटते. ती म्हणजे ‘ऐकलं का?’

हे वाक्य जरा सोलून बघू. मराठीत भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी एक बारीक खूण लागते. ‘तू’ असेल तर ‘स’ : तू ऐकलंस. ‘तुम्ही’ असेल तर ‘त’ : तुम्ही ऐकलंत. म्हणून सर्वनाम गाळलं तरी सुटका होत नाही. ‘चहा घेतलास?’ म्हटलं की एकेरी, ‘चहा घेतलात?’ म्हटलं की आदरार्थी. शेवटचं अक्षर चहाडी करतं. आता ‘ऐकलं का?’ बघा. ‘स’ही नाही, ‘त’ही नाही. ‘मी ऐकलं’, ‘त्याने ऐकलं’, ‘कोणीतरी ऐकलं’ यांत जे रूप येतं तेच हे. म्हणजे समोरच्याला हाक मारायची, आणि ती अशा रूपात की व्याकरणाच्या दृष्टीने समोर कोणी नाहीच! आदर की जवळीक, हा निर्णयच टाळला. मालवणीतही तीच युक्ती चालते. ‘आयकलंस काय?’ आणि ‘आयकलात काय?’ यांच्या मधून वाट काढत ‘आयकला काय?’

एकदा ही वाट कळली की तिचे फाटे सगळीकडे दिसतात. ‘जेवायचं ना?’, ‘निघायचं का?’, ‘पान वाढलंय’, ‘पाणी तापलंय’. ‘जेव’ म्हटलं तर एकेरी, ‘जेवा’ म्हटलं तर आदर. ‘जेवायचं’ म्हटलं की दोन्ही नाही. कित्येक जोडप्यांचे संसार अशा बिनमाणसाच्या वाक्यांवर चालले आहेत. आणि ही केवळ पळवाट नव्हे. ज्या घरात दोघांना चार शब्द एकांतात बोलायला मिळत नव्हते, तिथे माणसांच्या गर्दीत फक्त एकाला कळेल अशी हाक म्हणजे ‘ऐकलं का?’ होती.

‘गं’कडे आता जरा मागे जाऊन बघायला हवं, कारण त्याचा प्रवास चकित करणारा आहे. आजच्या पुणेरी कानाला ‘ग’ म्हटलं की समोर बाईच असते. पण तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाला ‘अगा’ अशी हाक मारतो. एका पुरुषाला, आणि तीही मायेने. तेव्हा पुरुषाला ‘गा’, बाईला ‘गे’ अशी जोडी होती. पुढे प्रमाण मराठीत पुरुषांकडचा ‘गा’ मागे पडला, तिथे ‘रे’ राहिला, आणि ‘ग’ बायकांकडे राहिला. सगळीकडे असं झालं नाही. वऱ्हाडात आजही पुरुषाला ‘काय गा भाऊ?’ म्हणतात आणि बाईला ‘काय वं?’ म्हणतात. कोकणात बाईसाठी ‘गो’ टिकला, आणि तो गोव्यापर्यंत पसरलेला आहे. प्रमाण मराठीनेही तो एका शब्दात जपून ठेवला आहे : ‘अगोबाई!’ मोरो केशव दामल्यांसारख्या व्याकरणकारांनी अशा शब्दांना केवलप्रयोगी अव्ययांत बसवलं. म्हणजे वाक्याशी त्यांचं व्याकरणाचं नातं नाही, काढून टाकले तरी वाक्य उभं राहतं. वाक्य उभं राहतं हे खरं. ‘अगं’ काढून टाकल्यावर संसार तसाच उभा राहतो का, हे मात्र कोणत्याही बायकोला विचारावं.

आता मोठा प्रश्न. ‘अहो’ म्हणजे आदर आणि ‘अरे’ म्हणजे अनादर, असं आहे का? नाही. आपण देवाला ‘तू’ म्हणतो. आईला ‘तू’ म्हणतो. वारकरी विठ्ठलाला ‘रे’ म्हणतात आणि त्यात आदर तसूभर कमी होत नाही. उलट भांडण पेटलं की बसमधले दोन परके पुरुष एकमेकांवर ओरडतात : ‘अरे-तुरे करायचं काम नाही!’ तोच ‘अरे’ आईच्या तोंडी माया आहे आणि परक्याच्या तोंडी अपमान. म्हणजे अर्थ शब्दात नसून तो कोण कोणाला म्हणतो आणि उलट काय येतं, यात आहे.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा माग काढला, तेव्हा त्यांना दोन धागे सापडले. एक सत्तेचा : वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो, खालचा वरच्याला ‘तुम्ही’. दुसरा आपलेपणाचा : जवळचे दोघे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, लांबचे दोघे एकमेकांना ‘तुम्ही’. पहिल्यात शब्दांची देवघेव विषम असते, दुसऱ्यात सम. युरोपात काळाच्या ओघात आपलेपणाचा धागा जड होत गेला. मराठी लग्नात हे दोन्ही धागे एकाच दोरीत पिळलेले आहेत. त्याचा ‘अगं’ आणि तिचा ‘अहो’ ही देवघेव विषम आहे, म्हणजे सत्तेची आहे. तरी तोच ‘अहो’ नावाशिवाय एकटा उभा राहून दुसऱ्या कोणाला न मिळणारी जवळीकही सांगतो. एकाच हाकेत दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. म्हणूनच ‘अहो’ऐवजी नावाने हाक मारायला लागलेली मुलगी काहींना उद्धट वाटते, आणि ‘अहो’ सोडायचं नाही म्हणणारी मुलगी काहींना दबलेली वाटते. दोघांनीही फक्त शब्द ऐकलेला असतो.

मग नीट ऐकायचं कसं? एक उदाहरण घेऊ. समजा, मुंबईत नोकरी करणारं जोडपं गणपतीला खारेपाटणच्या घरी आलं आहे. मुंबईत ती त्याला म्हणते, ‘अरे, चहा घेतलास का?’ इथे सासू-सासऱ्यांसमोर ती म्हणते, ‘अहो, चहा घेतलात का?’ बदललं काय? ‘अरे’च्या जागी ‘अहो’ आला, ‘स’च्या जागी ‘त’ आला. त्याच्याविषयीचा तिचा आदर दादर ते खारेपाटण या प्रवासात वाढलेला नाही. हा आदर त्याच्यासाठी नाहीच, ऐकणाऱ्या सासूसाठी आहे. सासू मात्र आपल्या नवऱ्याला म्हणते, ‘चाय घेवची मा?’ ना ‘अरे’, ना ‘अहो’. तिने अजूनही ‘ऐकलं का’चीच वाट धरलेली आहे. तिसऱ्या दिवशी आरतीच्या गडबडीत सून बेसावधपणे ‘अरे, निरांजन दे ना!’ म्हणून जाते. घरातल्या सगळ्यांच्या कानाला ते लागतं. आणि परतीच्या गाडीत, दोघंच असताना, तिने जर म्हटलं, ‘तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या,’ तर नवऱ्याने समजावं की काहीतरी बिनसलं आहे. रोज ‘तू’ म्हणणाऱ्या बायकोच्या तोंडी एकांतात आलेला ‘तुम्ही’ आदराचा नसतो, तो अंतराचा असतो. जन्मभर ‘अहो’ म्हणणारीने एखाद्या आजारपणात, उशाशी बसून, नकळत ‘अरे’ म्हटलं, तर ते उलट दिशेने तेवढंच बोलकं.

म्हणजे ऐकायचं ते हे. रोजचा शब्द कोणता, त्यापेक्षा त्या दोघांनी रोजचा शब्द कधी सोडला. आणि त्याला ‘अहो’ मिळत असेल, तर त्याच्याकडून तिला काय मिळतं.

गेल्या काही वर्षांत ‘अहो’ने आणखी एक उडी मारली आहे. तो आता हाक राहिला नाही, नाम झाला. ‘अहोंना विचारते’, ‘अहोंचा फोन आला’, ‘माझे अहो’. ज्या शब्दाला व्याकरणात विभक्ती लागत नव्हती, त्याला बायकांनी ना, चा, नी सगळं लावलं, आणि तेही आदरार्थी अनेकवचनात. सासरच्या माणसांवरही तो पसरला आहे : ‘अहो आई’ म्हणजे सासू, आणि ‘ए आई’ म्हणजे माहेरची. एका मुलीच्या तोंडून ‘आई’च्या आधी काय येतं ते ऐकलं की ती कोणत्या घराबद्दल बोलते ते कळतं.

याच ‘ए’मध्ये पुढच्या बदलाची खूण आहे. घरात बोलायला शिकणारं मूल हाका शिकतं ते कानावर पडेल त्यावरून. वडील आईला ‘अगं’ म्हणतात, आई वडिलांना ‘अहो’ म्हणते. म्हणून कित्येक घरांत मूल आईला ‘ए आई, तू’ म्हणतं आणि वडिलांना ‘अहो बाबा, तुम्ही’. दोघांनी सारखंच प्रेम केलं तरी भाषेत आई जवळ आणि बाबा एक पायरी लांब. आता ज्या घरांत आई बाबांना ‘अरे’ म्हणते, तिथे मूलही ‘ए बाबा’ म्हणू लागलं आहे. नवरा-बायकोने आपसांत मिटवलेलं एक अक्षराचं अंतर बापलेकांतलंही अंतर मिटवून टाकतं. काही वडिलांना ते अजून खटकतं. त्यांनी एवढंच बघावं की मुलाने त्यांचा आदर कमी केलेला नाही; आजवर फक्त आईसाठी राखलेली हाक त्याने त्यांनाही दिली आहे.